तेरजेतला 1,350 चा फरक किरकोळ खर्चात टाकू का?

वाचकाचं पत्र: "मी अलीकडेच हिशेबलेखनाचं काम हाती घेतलं आहे. वह्या हातानेच लिहिते. वर्षअखेरीची तेरीज काढली, तर नावे बाजूची बेरीज 4,86,350 आणि जमा बाजूची 4,87,700 आली. बेरजा पुन्हा करून पाहिल्या, तरी 1,350 चा फरक तसाच राहतो. माझे वरिष्ठ म्हणतात, 'एवढ्या उलाढालीत ही रक्कम काहीच नाही, किरकोळ खर्चात टाका आणि पुढे चला.' मला ते पटत नाही, पण का पटत नाही हेही सांगता येत नाही. दोन्ही बेरजा सारख्या यायलाच हव्यात, हा नियम कशासाठी? आणि एकदा त्या जुळल्या की माझं काम बरोबर आहे, असं समजायचं ना? सोबत तेरीज जोडते आहे."

नमस्कार,

तुमची तेरीज समोर ठेवूनच लिहिते आहे. त्यातल्या आकड्यांकडे येण्याआधी तुमच्या 'कशासाठी'चं उत्तर देते, कारण फरक कुठे शोधायचा हे त्या उत्तरातूनच कळतं.

बेरजा सारख्या याव्यात असा नियम वरून कुणी लादलेला नाही. तुम्ही वर्षभर ज्या पद्धतीने नोंदी केल्यात, तिचा तो अटळ परिणाम आहे. उधारीवर 10,000 चं फर्निचर घेतलं, तर फर्निचर खात्याला 10,000 नावे आणि पुरवठादाराच्या खात्याला 10,000 जमा. ग्राहकाकडून 3,000 आले, तर रोख नावे 3,000 आणि ग्राहक जमा 3,000. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी, एकाच रकमेने आणि विरुद्ध बाजूंना लिहिला जातो. म्हणून वर्षाच्या कुठल्याही दिवशी सगळ्या खात्यांच्या नावे रकमांची बेरीज आणि सगळ्या खात्यांच्या जमा रकमांची बेरीज सारखीच असणार. ही तपासणी आजची नाही. लुका पाचोली या गणितज्ञाचं द्विनोंदी पद्धतीचं विवेचन 1494 मध्ये व्हेनिसमध्ये छापलं गेलं. त्यातही खतावणीतल्या सगळ्या नावे रकमा एका बाजूला आणि जमा रकमा दुसऱ्या बाजूला मांडून दोन्ही एकूण ताडून पाहायला सांगितलं आहे.

इथे अनेकांच्या मनात एक शंका येते. आपण तेरजेत खात्यांच्या पूर्ण बेरजा लिहीत नाही, फक्त बाक्या लिहितो. मग बरोबरी टिकते कशी? तुमचं रोख खातं घ्या. समजा, वर्षभरात त्याच्या नावे बाजूला 90,000 आणि जमा बाजूला 71,750 लिहिले गेले. बाकी काढली, 18,250 नावे. बाकी काढताना तुम्ही काय केलंत? नावे बाजूतून 71,750 वगळले आणि जमा बाजूतूनही 71,750 च वगळले. प्रत्येक खात्यात हेच घडतं, दोन्ही बाजूंमधून सारखीच रक्कम कमी होते. एकूण आकडे लहान होतात, पण बरोबरी मोडत नाही.

आता फरकाचा अर्थ स्पष्ट होईल. तुमच्या तेरजेत 1,350 चा फरक आहे, याचा अर्थ व्यवसायातून 1,350 गेले असा नाही. कीर्द आणि सहाय्यक पुस्तकांतून खतावणीत, खतावणीतून बाकीत आणि बाकीतून तेरजेच्या कागदावर येताना कुठेतरी एका जोडीची एक बाजू चुकली, सुटली किंवा उलटी पडली, एवढंच तो फरक सांगतो.

तुम्हाला जे पटत नव्हतं त्याचं कारण इथे आहे. किरकोळ खर्चाला 1,350 नावे लिहायचे, तर त्यासमोर जमा कुणाला करणार? कुणालाच नाही. म्हणजे एक एकतर्फी चूक झाकायला तुम्ही दुसरी एकतर्फी नोंद करणार, आणि हीच नोंद तुम्ही जाणूनबुजून केलेली असेल. शिवाय ती एक खोटी गोष्ट सांगेल: 1,350 खर्च झाले. नफा तेवढा कमी दिसेल. खरी चूक एखाद्या ग्राहकाच्या खात्यात असेल, तर त्याच्याकडून येणं असलेली रक्कम वहीत कमीच राहील आणि ती कुणी मागणारही नाही.

'रक्कम लहान आहे' या म्हणण्यातही एक गृहीतक दडलेलं आहे, की फरक लहान म्हणजे चूक लहान. तसं असेलच असं नाही. एका बाजूला 50,000 ची नावे रक्कम सुटली असेल आणि दुसरीकडे 48,650 ची जमा रक्कम सुटली असेल, तरी तेरजेत 1,350 च दिसतील. फरक ही सगळ्या एकतर्फी चुकांची वजाबाकी असते. त्यामागच्या चुका केवढ्या आहेत, हे त्या सापडेपर्यंत कळत नाही.

आता तुमच्या आकड्यांकडे येऊ. तुम्ही पाठवलेली यादी अशी आहे:

| खातं | नावे | जमा |
|---|---:|---:|
| रोख | 18,250 | |
| बँक | 64,400 | |
| ऋणको | 92,700 | |
| सुरुवातीचा माल | 54,000 | |
| फर्निचर | 40,000 | |
| खरेदी | 1,68,000 | |
| पगार | 36,000 | |
| भाडे | 9,000 | |
| विक्री परत | 4,000 | |
| भांडवल | | 1,50,000 |
| धनको | | 71,225 |
| विक्री | | 2,60,000 |
| खरेदी परत | | 5,800 |
| सूट | | 675 |
| एकूण | 4,86,350 | 4,87,700 |

नावे बाजू 1,350 ने कमी आहे. खतावणी पहिल्या पानापासून तपासायला बसण्याआधी या एका आकड्याला तीन प्रश्न विचारून पाहा.

पहिला: बरोबर 1,350 ची एखादी नावे रक्कम सुटली आहे का? तुमची यादी वाचताना मला एक गोष्ट जाणवली. तिच्यात छपाई, टपाल, वीज, प्रवास यांपैकी एकही छोटं खर्चाचं खातं नाही. मालकाच्या उचलीचं खातंही नाही. वर्षभरात यातलं काहीच झालं नसेल, हे अशक्य नाही, पण संशय घ्यायला जागा आहे. खतावणीची अनुक्रमणिका घ्या आणि तिच्यातल्या प्रत्येक खात्यासमोर तेरजेतली ओळ शोधा. 1,350 नावे बाकीचं एखादं खातं यादीत यायचंच राहिलं असेल, तर शोध तिथेच संपला. गंमत म्हणजे ते खातं किरकोळ खर्चाचंही असू शकेल. पण मग 1,350 तिथे लिहायचे ते खतावणीत तेवढी बाकी आहे म्हणून, फरक तेवढा आला म्हणून नव्हे.

दुसरा: 1,350 चं निम्मं, म्हणजे 675, कुठे दिसतं का? एखादी रक्कम उलट्या बाजूला पडली की फरक दुप्पट होतो. नावे बाजू 675 ने कमी पडते आणि जमा बाजू 675 ने वाढते. तुमच्या यादीत शेवटच्या ओळीत सूट 675 आहे आणि ती जमा बाजूला आहे. नुसतं 'सूट' लिहिलंय. दिलेली की मिळालेली? मिळालेली सूट हे उत्पन्न आहे, ती जमेला बरोबर आहे. ग्राहकांना दिलेली सूट हा तोटा आहे, ती नावे बाजूलाच हवी. ती दिलेली असेल, तर नावे बेरीज 4,87,025 होते आणि जमा बेरीजही 4,87,025 च होते. माझा संशय या ओळीवर सर्वांत जास्त आहे आणि त्याला एक खास कारण आहे.

तुमचं रोखपुस्तक सूट, रोख आणि बँक असे तीन रकाने असलेलं असेल, तर त्याच्या नावे बाजूच्या सगळ्या रकमा खतावणीत त्या त्या खात्याच्या जमा बाजूला जातात. ग्राहकाकडून 3,000 आले की रोखपुस्तकात नावे, ग्राहकाच्या खात्यात जमा. हे वर्षभर करून हाताला वळण लागतं: रोखपुस्तकाची नावे बाजू, खतावणीची जमा बाजू. पण सुटीच्या रकान्याला हे लागू नाही. रोख आणि बँक हे रकाने स्वतःच खाती आहेत, त्यांच्या बाक्या काढल्या जातात. सुटीचा रकाना मात्र केवळ टिपणासाठी असतो. त्याची बाकी निघत नाही, फक्त बेरीज होते. ग्राहकाच्या खात्याला रोख आणि सूट दोन्ही जमा होतात, पण त्या सुटीची नावे बाजू अजून कुठेच पडलेली नसते. ती पडावी म्हणून रकान्याची बेरीज सूट खात्याच्या नावे बाजूलाच, म्हणजे रोखपुस्तकात ती ज्या बाजूला आहे त्याच बाजूला न्यावी लागते. बाकी सगळं उलट्या बाजूला नेणारा हात ही बेरीजही उलट्या बाजूला नेतो, आणि तेरीज नेमकी दुपटीने बिघडते.

तेव्हा रोखपुस्तक उघडून सुटीच्या रकान्याची 675 ही बेरीज कुठल्या बाजूला आहे ते पाहा. नावे बाजूला असेल, तर सूट दिलेली आहे. मग खतावणीतलं सूट खातं पाहा. इथे दोन शक्यता आहेत आणि त्यांच्यात गल्लत करू नका. खतावणीत बाकी बरोबर नावे असेल आणि फक्त तेरजेवर उतरवताना ती जमेत गेली असेल, तर कुठलीही दुरुस्ती नोंद लागत नाही. तेरजेतली ओळ योग्य रकान्यात घ्या, झालं. पण खतावणीतच ती जमा बाजूला पडली असेल, तर सूट खात्याला 675 नव्हे, 1,350 नावे लिहावे लागतील. पहिले 675 चुकीची जमा पुसतात आणि पुढचे 675 खरी नावे बाकी उभी करतात. मूळ आकडा खाडाखोड करून बदलू नका. नवी ओळ लिहा, तारीख घाला आणि 'अमुक तारखेची रोखपुस्तकातील सुटीची बेरीज चुकीने जमा बाजूस नेली होती, त्याची दुरुस्ती' एवढा खुलासा लिहून ठेवा.

तिसरा प्रश्न: 1,350 ला 9 ने पूर्ण भाग जातो का? जातो, 150 वेळा. 9 चा संबंध असा की शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले, तर फरक नेहमी 9 च्या पटीत येतो. 63 चे 36 झाले, फरक 27. कारण दशकाचा अंक एककात गेला की रक्कम त्या अंकाच्या नऊपट घटते आणि एककाचा दशकात आला की त्या अंकाच्या नऊपट वाढते. पण तुमच्या फरकाचा भागाकार 150 आहे. शेजारच्या अंकांची अदलाबदल असती तर भागाकार एक अंक आणि पुढे हवी तेवढी शून्यं, म्हणजे 3, 50, 200 असा आला असता. 150 तसा नाही, म्हणून ती एक शक्यता आपण सोडून देऊ. दुसरी मात्र उरते: एक स्थान सरकणं. 1,500 च्या जागी 150 लिहिले, तर फरक नेमका 1,350. नावे बाजू कमी असल्यामुळे तुम्ही शोधायचं ते असं की 1,500 ची एखादी नावे रक्कम 150 म्हणून उतरली आहे का, किंवा 150 ची एखादी जमा रक्कम 1,500 म्हणून गेली आहे का.

या तीन प्रश्नांची उत्तरं म्हणजे पुरावा नाही, हे ध्यानात ठेवा. ती फक्त कुठे पाहायचं ते सांगतात. 675 जुळतंय म्हणून रोखपुस्तक न पाहताच सूट नावे बाजूला सरकवलीत आणि ती प्रत्यक्षात मिळालेली सूट निघाली, तर तेरीज सुंदर जुळेल आणि हिशेबात दोन चुका असतील.

तिन्ही वाटा रिकाम्या निघाल्या, तर ज्या मार्गाने आकडे आले त्याच मार्गाने उलट जा. तेरजेतली प्रत्येक ओळ खतावणीतल्या बाकीशी ताडा, रक्कमही आणि बाजूही. रोख आणि बँकेच्या बाक्या रोखपुस्तकात असतात, त्यामुळे त्या तिथूनच पाहा. मग गेल्या वर्षीच्या ताळेबंदातल्या रकमा यंदाच्या सुरुवातीच्या बाक्यांत तशाच आल्या आहेत का ते पाहा. मग ऋणको आणि धनको यांच्या नाववार याद्यांच्या बेरजा करा. तुमच्या तेरजेत त्या एकेकाच ओळीत आहेत आणि 92,700 च्या आत किती नावं आहेत हे मला दिसत नाही. एक नाव गळलं तरी फरक पडतो. त्यानंतर प्रत्येक खात्याची बाकी नव्याने काढा. खरेदी, विक्री आणि परतीच्या पुस्तकांच्या मासिक बेरजा खतावणीत बरोबर बाजूला गेल्या आहेत का हे त्यानंतर बघा, आणि एकेका नोंदीवर टिक करत जाणं सगळ्यांत शेवटी. ते वेळखाऊ आहे, पण बहुतेक वेळा त्याआधीच चूक हाती लागते. पुढच्या वर्षी दर महिन्याला तेरीज काढलीत, तर शोध एका महिन्याच्या नोंदींपुरताच राहील.

आणि तरीही सापडलं नाही, पत्रकं तर वेळेत द्यायची आहेत, तर? त्यासाठी एक प्रामाणिक सोय आहे: सस्पेन्स खातं, म्हणजे उचंत खातं. तुमच्या बाबतीत नावे बाजू कमी आहे, म्हणून उचंत खात्याला 1,350 नावे बाकी दाखवायची. हेही एकतर्फीच आहे, पण किरकोळ खर्चात आणि यात मोठा फरक असा की हे खातं आपलं अपुरेपण उघड सांगतं. वाचणाऱ्याला कळतं की 1,350 चा उलगडा बाकी आहे. पुढे चूक सापडली, समजा ती सुटीचीच निघाली, तर नोंद होईल: सूट खाते नावे 1,350, उचंत खाते जमा 1,350. उचंत खातं शून्यावर येतं आणि बंद होतं. एकाहून जास्त चुका निघाल्या, तर प्रत्येकीची अशी वेगळी नोंद करा. मध्येच उचंत बाकी वाढली तर घाबरू नका, वर सांगितल्यासारख्या मोठ्या चुका एकमेकींना झाकत होत्या एवढाच त्याचा अर्थ. वरिष्ठांसमोर हाच पर्याय ठेवा. त्यांना काम पुढे न्यायचं आहे, आणि यात ते पुढे जातं.

ज्या वाचकांचे हिशेब सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्यांना हा प्रसंग क्वचित येतो, कारण दोन्ही बाजू सारख्या नसतील तर सहसा नोंद स्वीकारलीच जात नाही. त्यांच्याकडे फरक दिसलाच, तर आधी सुरुवातीच्या बाक्या पाहाव्यात. स्प्रेडशीट वापरणाऱ्यांनी बेरजेच्या सूत्रात शेवटची ओळ आली आहे ना, आणि कुठला आकडा मजकूर म्हणून तर टाइप झालेला नाही ना, हे पाहावं.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. जुळलेल्या बेरजा एवढंच सांगतात की जेवढं नावे लिहिलं तेवढंच जमा लिहिलं. योग्य खात्यात लिहिलं का, योग्य रकमेने लिहिलं का, किंवा लिहिलं तरी का, यावर तेरीज काही बोलत नाही. एखादं विक्रीचं बिल दोन्हीकडे लिहायचंच राहिलं, तर बेरजा जुळतात. 4,200 चं बिल विक्री पुस्तकातच 2,400 म्हणून उतरलं, तरी जुळतात. फर्निचरच्या दुरुस्तीचा खर्च फर्निचर खात्याला गेला, तरी जुळतात. तुमच्या फर्निचरची 40,000 ही बाकी पूर्ण आकड्यात आहे, म्हणून तिथे मला फारशी शंका नाही, पण दुरुस्तीचं खातं यादीत नाही, तेवढं एकदा पाहून घ्या.

यातली सर्वांत त्रासदायक चूक ऋणकोंच्या त्या एका ओळीत लपू शकते. एका ग्राहकाने दिलेले 5,000 दुसऱ्याच ग्राहकाच्या खात्यात जमा झाले, तर एकूण 92,700 च राहतात. तेरीज जुळते, आणि पैसे दिलेल्या माणसाला आपण पुन्हा मागणीपत्र पाठवतो. तेरीज न दाखवणाऱ्या अशा चुका नुसत्या वहीच्या आत राहून सहसा सापडत नाहीत, बाहेरच्या कागदाशी ताडावं लागतं. बँकेची बाकी बँकेच्या उताऱ्याशी आणि रोख शिल्लक प्रत्यक्ष मोजून पाहा. ऋणकोंच्या नाववार यादीत कुणाच्या खात्यात जमा बाकी दिसते का ते बघा. ती आगाऊ आलेली रक्कम असू शकते किंवा चुकून दुसऱ्याची पडलेली. मोठ्या बाक्यांच्या ग्राहकांना त्यांचा खातेउतारा पाठवून त्यांच्या वहीतली बाकी लेखी मागवा. उत्तर यायला काही दिवस लागतील, तेव्हा सूट खातं तपासायला घेण्याआधीच ते उतारे रवाना करा.